सर्वांत शेवटी येणारा नमुना: बॉटलनेक नेमणुकीचे गणित

प्रश्न: फोंड्यात आमची रक्ततपासणीची लॅब आहे. रोज सकाळी साडेसहाला पाच दुचाकीवाले आपापल्या घरून निघतात, प्रत्येक जण एका केंद्रावर जाऊन नमुने घेतो आणि फोंड्याला आणून देतो. कोणी कुठे जावे हे मी हंगेरियन पद्धतीने ठरवले. पाचही फेऱ्यांची बेरीज कमीत कमी, म्हणजे ३७५ मिनिटे येते. तरीही वास्कोची पेटी ८ वाजून २५ मिनिटांनी पोहोचते आणि तोपर्यंत मशीन सुरू करता येत नाही. बेरीज कमीत कमी असूनही असे का होते, आणि शेवटची पेटी लवकरात लवकर यावी अशी वाटणी कशी काढायची?

उत्तर:

तुमची आकडेमोड बरोबर आहे. मात्र ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही काढलेत, तो तुमच्या लॅबचा प्रश्न नाही. मशीन पाचही पेट्या आल्याशिवाय सुरू होत नसेल, तर लवकर आलेल्या चार पेट्यांनी वाचवलेली मिनिटे टेबलावर नुसती पडून राहतात. सकाळ किती वाजता सुरू होते हे एकटी शेवटची पेटी ठरवते. बेरजेच्या हिशेबात साठ मिनिटांत येणारी पेटी आणि ११५ मिनिटांत येणारी पेटी एकमेकींना सांभाळून घेतात, आणि तुमच्या कामात नेमके तेच चालत नाही. शेवटची पेटी लवकरात लवकर आणण्याच्या या दुसऱ्या प्रश्नाला गणितात बॉटलनेक असाइनमेंट म्हणतात. १९५३ मध्ये अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेतील फुल्कर्सन, ग्लिक्सबर्ग आणि ग्रॉस यांनी उत्पादन साखळीवर कोणत्या कामगाराला कोणत्या जागी बसवावे या रूपात तो मांडला होता, कारण साखळीचा वेग सर्वांत संथ जागेइतकाच असतो. तुम्ही वापरलेली हंगेरियन पद्धत कून यांनी १९५५ मध्ये मांडली. म्हणजे हे दोन प्रश्न समवयस्क आहेत, पण त्यांचे स्वभाव बरेच वेगळे आहेत.

तुम्ही दिलेल्या वेळा मी एका कोष्टकात मांडतो. ओळीत दुचाकीवाल्याचे घर आहे, स्तंभात केंद्र आहे, आणि आकडा म्हणजे घरून निघाल्यापासून केंद्रावरून फोंड्याला पोहोचेपर्यंतची एकूण मिनिटे.

| घर | साखळी | पणजी | मडगाव | वास्को | कुडचडे |
|---|---|---|---|---|---|
| डिचोली | ६० | ९५ | ११५ | १३५ | १३५ |
| माशेल | ७५ | ८० | १०० | ११५ | ११५ |
| बोरी | १०० | १०० | ७० | ९५ | ८५ |
| रायबंदर | १०० | ६० | १०० | १०५ | १२५ |
| कुडतरी | १२५ | ११० | ६० | १०५ | ७० |

तुमची सध्याची वाटणी अशी आहे: डिचोलीवाला साखळीला, रायबंदरवाला पणजीला, बोरीवाला मडगावला, कुडतरीवाला कुडचड्याला आणि माशेलवाला वास्कोला. बेरीज ३७५ आणि सर्वांत लांब फेरी ११५ मिनिटांची. चार जण आपापल्या जवळच्या केंद्रावर गेले आहेत आणि उरलेले वास्को उरलेल्या माशेलवाल्याच्या गळ्यात पडले आहे. बेरजेला याचे काही वाटत नाही, कारण बाकी चौघांनी वाचवलेली मिनिटे त्या एका फेरीची भरपाई करतात.

शेवटची पेटी लवकर आणायची तर वेगळ्या अंगाने विचार करावा लागतो. एक उंबरठा धरा, समजा ९५ मिनिटे, आणि त्याहून मोठा प्रत्येक आकडा कोष्टकातून खोडून टाका. उरलेल्या चौकटींमधून प्रत्येकाला वेगळे केंद्र देता येते का, एवढेच पाहायचे. देता आले तर उंबरठा खाली आणायचा, न आले तर वर न्यायचा. ज्या सर्वांत लहान उंबरठ्यावर पूर्ण जुळणी मिळते, तेच उत्तर. येथे कोणतीही बेरीज करावी लागत नाही. प्रश्न केवळ 'चालेल' की 'चालणार नाही' एवढाच उरतो. उत्तर कोष्टकातल्याच कुठल्यातरी आकड्याइतके असणार, त्यामुळे मधल्या ९७ किंवा ९८ मिनिटांचा उंबरठा तपासण्यात अर्थ नाही. तुमच्या पंचवीस चौकटींत वेगवेगळे आकडे बाराच आहेत. त्यांना चढत्या क्रमाने लावून दर वेळी मधला तपासला, तर जास्तीत जास्त चार तपासण्यांत काम होते.

कुठून सुरुवात करावी याचा अंदाज कोष्टकच देते. वास्कोच्या स्तंभातला सर्वांत लहान आकडा ९५ आहे. वास्कोला कोणीतरी जायलाच हवे, म्हणून ९५ च्या खाली जाणे कोणालाही शक्य नाही. प्रत्येक ओळीचा आणि प्रत्येक स्तंभाचा सर्वांत लहान आकडा असा पाहून त्यांतला सर्वांत मोठा घेतला की तळ मिळतो. तुमच्या बाबतीत तो ९५ आहे, म्हणून पहिली तपासणी ९५ वर करू.

उंबरठा ९५ असताना डिचोलीवाल्याला साखळी आणि पणजी उरतात. माशेलवाल्यालाही तीच दोन उरतात. रायबंदरवाल्याला तर एकटी पणजी उरते, कारण त्याचा साखळीचा आकडा १०० आहे आणि मडगावचाही १००. तिघे जण आणि त्यांच्यासाठी मिळून केंद्रे दोनच. बाकीच्या दोघांनी काहीही केले तरी या तिघांतला एक जण रिकामा राहणारच. म्हणून ९५ जमत नाही. फिलिप हॉल यांनी १९३५ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाचा गाभा हाच आहे: पूर्ण जुळणी नसेल, तर कुठेतरी अशी टोळी सापडतेच जिच्या सदस्यांची संख्या त्यांना चालणाऱ्या जागांपेक्षा जास्त असते. ही टोळी सापडली की वाद संपतो. तुमच्या भागीदाराला 'संगणकाने नाही म्हटले' असे सांगण्यापेक्षा 'उत्तरेकडचे हे तिघे आणि ही दोन केंद्रे' असे बोट ठेवून दाखवणे अधिक पटते.

९५ नंतरचा आकडा १०० आहे. तो धरला की माशेलवाल्याला मडगाव उघडते. आता तुमच्या सध्याच्या वाटणीपासूनच सुरू करा आणि ११५ ची माशेल–वास्को जोडी तेवढी सोडा. माशेलवाला मोकळा आहे आणि वास्को मोकळे आहे, पण त्या दोघांची थेट जोडी चालणार नाही. माशेलवाल्याला मडगाव चालते, मात्र मडगाव बोरीवाल्याकडे आहे. बोरीवाल्याला ९५ मिनिटांत वास्को चालते, आणि वास्को मोकळेच आहे. म्हणून माशेलवाला मडगावला जातो आणि बोरीवाला वास्कोला सरकतो. हाताने करताना हीच माळ शोधायची असते: मोकळ्या माणसापासून निघून, त्याला चालणारे पण दुसऱ्याकडे असलेले केंद्र, मग त्या दुसऱ्याला चालणारे केंद्र, असे करत मोकळ्या केंद्रापर्यंत पोहोचायचे आणि मग माळेतल्या सर्वांना एकेक पाऊल सरकवायचे. माळ मोकळ्या केंद्रापर्यंत पोहोचलीच नाही, तर वाटेत भेटलेली माणसे म्हणजेच वर सांगितलेली टोळी. ९५ वर माशेलवाल्यापासून शोध सुरू करून पाहा; साखळी आणि पणजी या केंद्रांमार्गे तो डिचोलीवाला आणि रायबंदरवाला यांच्यापाशी जाऊन अडतो, आणि तिघांची नावे आपोआप हातात येतात.

नवी वाटणी अशी होते: डिचोली–साखळी ६०, रायबंदर–पणजी ६०, माशेल–मडगाव १००, बोरी–वास्को ९५, कुडतरी–कुडचडे ७०. बेरीज ३८५ होते, म्हणजे दहा मिनिटांचे पेट्रोल जास्त जाते. पण शेवटची पेटी ८ वाजून १० मिनिटांनी येते आणि मशीन पंधरा मिनिटे आधी सुरू होते.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटते. १०० मिनिटांची वाटणी ही एकच नाही. माशेलवाल्याला पणजी आणि रायबंदरवाल्याला मडगाव दिले, तरी सर्वांत लांब फेरी १०० चीच राहते, पण बेरीज ४०५ होते. उंबरठ्याची पद्धत या दोहोंत फरक करत नाही. शोध ज्या क्रमाने झाला त्यानुसार जी आधी सापडेल ती हातात ठेवते. म्हणून काम दोन टप्प्यांत करावे. आधी सर्वांत लहान चालणारा उंबरठा काढावा, आणि मग त्याहून मोठ्या चौकटी बंद करून उरलेल्या कोष्टकावर तुमची नेहमीची हंगेरियन पद्धत चालवावी. शेवटच्या पेटीची वेळ बिघडत नाही आणि विनाकारण पळापळही होत नाही. रोजच्या रोज संगणकावर करायचे असेल, तर पायथनमध्ये एवढे पुरते:

```python
import numpy as np
from scipy.sparse import csr_matrix
from scipy.sparse.csgraph import maximum_bipartite_matching
from scipy.optimize import linear_sum_assignment

T = np.array([[ 60,  95, 115, 135, 135],
              [ 75,  80, 100, 115, 115],
              [100, 100,  70,  95,  85],
              [100,  60, 100, 105, 125],
              [125, 110,  60, 105,  70]])

def ok(t):
    g = csr_matrix((T <= t).astype(int))
    m = maximum_bipartite_matching(g, perm_type='column')
    return (m >= 0).all()

v = np.unique(T)
lo, hi = 0, len(v) - 1
while lo < hi:
    mid = (lo + hi) // 2
    if ok(v[mid]):
        hi = mid
    else:
        lo = mid + 1

C = np.where(T <= v[lo], T, 10**6)
rows, cols = linear_sum_assignment(C)
print(v[lo], cols, T[rows, cols].sum())
```

जुळणी न मिळालेल्या ओळीसाठी हे फंक्शन `-1` देते, म्हणून तपासणी `m >= 0` अशी आहे. पाच जणांसाठी संगणकाची गरज नाही. पण उद्या शंभर दुचाकीवाले आणि शंभर केंद्रे झाली, तरी वेगवेगळे आकडे फार तर दहा हजार असतील आणि चौदा तपासण्यांत उत्तर मिळेल.

आता ज्या चुकीसाठी मी हे उत्तर लांबवतो आहे त्या चुकीकडे येतो. हंगेरियन पद्धतीची सवय असलेला माणूस कोष्टक हातात आले की प्रत्येक ओळीतून तिचा सर्वांत लहान आकडा वजा करतो, मग स्तंभांतून करतो, आणि मग पुढे जातो. बेरजेच्या प्रश्नात हे निर्दोष आहे. प्रत्येक ओळीतून आणि प्रत्येक स्तंभातून नेमकी एकच चौकट निवडली जाते, त्यामुळे एखाद्या स्तंभातून चाळीस मिनिटे वजा केली तर प्रत्येक वाटणीची बेरीज सारखीच चाळीसने उतरते आणि सर्वांत चांगली वाटणी आहे तीच राहते. बॉटलनेकमध्ये मात्र ही वजाबाकी उत्तर बदलू शकते, कारण एका स्तंभातल्या आकड्यांची दुसऱ्या स्तंभातल्या आकड्यांशी तुलनाच बिघडते. काही वर्षांपूर्वी बर्फ पोहोचवणाऱ्या एका व्यावसायिकासाठी वाटणी काढताना मी हाताच्या सवयीने आधी वजाबाकी केली आणि मग उंबरठा लावला. वाटणी कागदावर सुबक दिसत होती; पहिल्याच सकाळी सर्वांत लांबचा टेम्पो आधीच्याहून उशिरा पोहोचला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले.

तुमच्या लॅबमध्ये हीच चूक दुसऱ्या वेषात येऊ शकते. केंद्रावरून फोंड्याला यायला लागणारा वेळ कोणीही गेले तरी सारखाच असतो: तुमच्या हिशेबात साखळीहून ४५, पणजीहून ५०, मडगावहून ४०, वास्कोहून ५५ आणि कुडचड्याहून ५० मिनिटे. एखाद्याला वाटेल की जो भाग सर्वांना सारखाच आहे तो मोजायचा कशाला; घरून केंद्रापर्यंतचा वेळ घेऊन वाटणी करू. बेरजेसाठी हा विचार अगदी योग्य आहे. २४० मिनिटे सगळीकडून सारखी कमी होतील आणि वाटणी तीच राहील. पण बॉटलनेकसाठी फक्त पहिला टप्पा घेतला, तर रायबंदरवाला वास्कोला ५० मिनिटांत पोहोचतो आणि माशेलवाला पणजीला ३० मिनिटांत, बोरीवाला मडगावला ३०, कुडतरीवाला कुडचड्याला २० आणि डिचोलीवाला साखळीला १५. सर्वांत लांब ५०. पहिल्या टप्प्यापुरती हीच सर्वांत चांगली वाटणी आहे. प्रत्यक्षात मात्र रायबंदरवाल्याला वास्कोहून आणखी ५५ मिनिटे लागतात आणि तुमची शेवटची पेटी १०० ऐवजी १०५ मिनिटांनी येते. म्हणून चौकटीत नेहमी शेवटी पोहोचण्याचा क्षण लिहावा. कोणी उशिरा निघत असेल तर तो उशीर त्याच्या ओळीत मिळवावा. एखादे केंद्र सात वाजेपर्यंत नमुने बांधून ठेवत नसेल, तर सहा पन्नासला पोहोचणाऱ्याच्या आकड्यात दहा मिनिटे थांबण्याची मिळवावीत.

याच्या उलट बाजूही आहे. उंबरठ्याच्या पद्धतीला आकड्यांचा फक्त क्रम दिसतो. ६० च्या जागी ६४ लिहिले तरी, क्रम न बदलल्यास, वाटणी तीच येते. बेरजेच्या पद्धतीत मात्र प्रत्येक मिनिट उत्तरात उतरते. याचा व्यावहारिक फायदा मोठा आहे, कारण सर्व पंचवीस आकडे घड्याळ लावून मोजण्याची गरज उरत नाही. डिचोलीवाल्याला कुडचड्याला नेमके किती लागतात, १३५ की १५०, याने काही फरक पडत नाही. ९५ आणि १०० च्या आसपासच्या चौकटी तेवढ्या चार-पाच सकाळी नीट मोजून घ्याव्यात.

लोक आणखी एक आडवाट काढतात: मोठ्या आकड्याला जास्त दंड बसावा म्हणून वेळांचा वर्ग करून बेरजेची पद्धत चालवतात. तुमच्या कोष्टकावर करून पाहा. जुन्या, ११५ वाल्या वाटणीची वर्गांची बेरीज ३०,२२५ येते आणि १०० वाल्या वाटणीची ३१,१२५. म्हणजे वर्ग करूनही ११५ वालीच निवडली जाते. घन केला तर १०५ वाली वर येते. घात बराच वाढवला तर शेवटी १०० मिळेल हे खरे. पण किती वाढवायचा हे आधी कळत नाही आणि मोठ्या कोष्टकात आकडे हाताबाहेर जातात. उंबरठा इतका सरळ असताना या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

तुम्ही विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न बहुधा 'शंभरच्या खाली कसे यायचे' हा असेल, आणि त्याचे उत्तर त्या तिघांच्या टोळीतच आहे. डिचोली, माशेल आणि रायबंदर येथील तिघांपैकी एकाला तरी मडगाव, वास्को किंवा कुडचडे शंभरहून कमी मिनिटांत करता आले, तरच उंबरठा उतरू शकतो. बोरीवाल्याला वेगवान दुचाकी दिली, कुडतरीवाल्याला अर्धा तास आधी उठवले, तरी शेवटची पेटी एक मिनिटही आधी येणार नाही. रायबंदरवाल्याची मडगावची फेरी ९० मिनिटांवर आली, तर तो मडगावला, माशेलवाला पणजीला आणि बोरीवाला वास्कोला जाऊन सर्वांत लांब फेरी ९५ ची होते. तेथे वास्कोचा तळ लागतो आणि मग बोरी–वास्को ही जोडी अडते. यापेक्षा, माशेलवाल्याच्या जागी कुठ्ठाळीचा कोणी मिळाला आणि त्याला वास्को धरून ८० मिनिटे लागत असतील, तर बोरीवाला पुन्हा मडगावला येतो आणि पाचही पेट्या ८० मिनिटांत आत येतात. तुमची अडचण वेगाची कमी आणि माणसे कुठे राहतात याची जास्त आहे: तीन जण मांडवीच्या बाजूला राहतात आणि पाचांतली तीन केंद्रे सासष्टी, मुरगाव आणि केपे तालुक्यांत आहेत.

आता मर्यादा. वरचे सर्व आकडे मी पक्के धरले आहेत, आणि गोव्याच्या रस्त्यांवर, विशेषतः पावसाळ्यात, ते पक्के नसतात. येथे बेरीज आणि बॉटलनेक यांच्यात आणखी एक फरक आहे, जो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. प्रत्येक फेरीचा सरासरी वेळ घेतला तर बेरजेची सरासरी नेमकी त्या सरासऱ्यांची बेरीज असते. सर्वांत लांब फेरीची सरासरी मात्र सहसा सर्वांत मोठ्या सरासरीइतकी नसते, ती तिच्याहून जास्त असते, कारण दररोज पाचांतला जो उशिरा आला तोच मोजला जातो. नव्या वाटणीत माशेल–मडगाव १०० आणि बोरी–वास्को ९५ अशा दोन फेऱ्या काठावर आहेत. समजा यांपैकी प्रत्येक फेरी चार दिवसांतून एकदा रखडते आणि एकीच्या रखडण्याचा दुसरीशी संबंध नाही; तर दोन्ही वेळेवर येण्याचे दिवस सोळांतून नऊ, आणि निदान एक रखडण्याचे दिवस सोळांतून सात. जुन्या वाटणीत काठावर एकच फेरी होती. म्हणून ८ वाजून १० ही वेळ डॉक्टरांना शब्द म्हणून देऊ नका. चौकटीत सरासरीऐवजी दहांतल्या नऊ दिवशी पुरेल असा वेळ भरा आणि वाटणी पुन्हा काढा. दोघेही बोरीच्या पुलावरून परतत असतील तर त्यांचे रखडणे स्वतंत्रही राहत नाही. पूल तुंबला की दोन्ही पेट्या एकत्र अडतात. अशा दिवशी वाटणी कितीही चांगली असली तरी उपयोग नसतो.

पद्धत चालण्यासाठी दुसरी अट अशी की एका दुचाकीवाल्याला एकच केंद्र. दुचाकीवाले केंद्रांपेक्षा जास्त असतील तर अडचण नाही. सर्व केंद्रांना माणूस मिळतो का एवढेच पाहावे आणि उरलेला घरी राहील. पण उद्या तुम्ही सावर्ड्याला सहावे केंद्र उघडले आणि माणसे पाचच ठेवली, तर कोणाला तरी दोन केंद्रे करावी लागतील. त्याचा वेळ दोन चौकटींची बेरीज नसतो, वाटेतला क्रमही ठरवावा लागतो, आणि प्रश्न नेमणुकीचा न राहता मार्ग आखण्याचा होतो. त्यासाठी उंबरठ्यासारखी नेहमी झटपट सुटणारी पद्धत माहीत नाही. सहा केंद्रांपुरते मात्र हाताने भागते: कुडचडे आणि सावर्डे जवळजवळ आहेत, ती दोन मिळून एक केंद्र समजा, त्या जोडफेरीचा पूर्ण वेळ प्रत्येकासाठी चौकटीत लिहा, आणि वरचीच पद्धत चालवा. कोणती दोन केंद्रे जोडायची याबाबत शंका असेल, तर दोन-तीन जोड्या करून पाहाव्यात.

शेवटी एक प्रश्न मी उलट विचारतो, कारण वरचे सर्व त्यावर उभे आहे. तुमचे मशीन खरोखरच पाचही पेट्यांसाठी थांबते, की थांबवले जाते? चार पेट्यांचे नमुने आल्यावर पहिली खेप लावून पाचवी दुसऱ्या खेपेत घेता येत असेल, तर शेवटच्या पेटीचे महत्त्व उतरते आणि चौथी पेटी कधी येते हे पाहावे लागते. तुमच्या जुन्या वाटणीत चौथी पेटी ७० मिनिटांनी, म्हणजे ७ वाजून ४० मिनिटांनीच आत येते. नव्या वाटणीत ती ९५ मिनिटांनी, ८ वाजून ५ मिनिटांनी येते. खेपा दोन करता येत असतील तर तुमची जुनीच वाटणी ठेवा. एकाच खेपेत सर्व लावणे भाग असेल, तर उद्यापासून माशेलवाल्याला मडगावला आणि बोरीवाल्याला वास्कोला पाठवा आणि आठवडाभर पाचही पेट्या पोहोचण्याच्या वेळा लिहून ठेवा.